शेततळ्याच्या कापाचा एक फोटो आणि मोसंबीचा निर्णय

अंबड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने मे महिन्यात चार एकरांच्या शेतात शेततळं खोदायला घेतलं. खोदकाम सुरू असतानाच त्याने मला तळ्याच्या उभ्या भिंतीचा फोटो पाठवला आणि सोबत लिहिलं, "सर, काळी साडेतीन फूट लागली, खाली मुरूम हाय. मोसंबी लावावं म्हणतो, चालंल का?"

प्रश्न नेमका होता आणि फोटोही बऱ्यापैकी स्पष्ट होता. भिंतीला फावडं टेकवलेलं असल्यामुळे मापाचा अंदाज येत होता. वरून काळा थर, त्याखाली पांढरे ठिपके असलेला करडा पट्टा, मग पिवळसर तपकिरी मुरूम आणि तळाशी काळा कातळ, असे चार भाग सहज ओळखू येत होते. मोसंबीची बाग एकदा लावली की पंधरा-वीस वर्षं तिथेच राहते. म्हणून प्रत्येक थर काय सांगतो हे सावकाश वाचून मगच उत्तर द्यायचं ठरवलं. 2012 च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात मोसंबीच्या किती बागा वाळल्या हे पाहिलेल्या माणसाला "लावा की" असं फोनवर सांगून मोकळं होता येत नाही.

आधी फोटोतलं खोटं बाजूला काढणं

जेसीबीने कापलेली भिंत डोळ्याला फसवते. या फोटोत तीन गोष्टी फसवत होत्या.

पहिली म्हणजे वरच्या काठावरची काळी माती. खोदकामात निघालेली माती काठावरच टाकली जाते आणि ती जमिनीच्या थरासारखीच दिसते. फोटो मोठा करून पाहिला तेव्हा वरून साधारण एक फुटावर एका सरळ रेषेत पऱ्हाटीची धसकटं आडवी दबलेली दिसली. जुनी जमीन तिथे संपत होती. म्हणजे वरचा फूटभर थर जमिनीचा नव्हताच, तो कालपरवाचा ढिगारा होता.

दुसरी फसवणूक खालच्या बाजूला होती. बकेट वर ओढली जाताना काळी चिकट माती आजूबाजूच्या थरावर लिंपली जाते, आणि वरून घरंगळलेला भुगाही खाली साचतो. त्यामुळे काळा थर प्रत्यक्षापेक्षा खोल दिसतो. शेतकऱ्याला म्हटलं, "खुरपं घ्या आणि भिंतीचा वीतभर रुंदीचा पट्टा वरून खालपर्यंत खरवडून काढा. बकेटच्या दातांच्या खुणा जाईपर्यंत खरवडा, मग सावलीत फोटो काढा." दुसऱ्या फोटोत काळा थर आणखी अर्धा फूट कमी झाला. साडेतीन फुटांचे दोन फूट उरले.

तिसरी गोष्ट रंगाची. उन्हात काढलेल्या फोटोत कोरडी काळी माती राखाडी दिसते आणि ओली माती आहे त्यापेक्षा काळी दिसते. भिंत वरून सुकलेली आणि खाली ओली असेल, तर एकाच मातीचे दोन थर असल्याचा भास होतो. म्हणून प्रत्येक थरातलं ढेकूळ काढून, थोडं पाणी शिंपडून, सगळी ढेकळं एका कागदावर ओळीने मांडायला सांगितली. ओल सारखी झाली की खरा फरक कळतो.

वरची वीतभर माती

जुन्या जमिनीपासून पहिले 18 सेंटिमीटर भुसभुशीत, बारीक कणांची आणि धसकटांनी भरलेली माती होती. हा मशागतीचा थर. त्याची खालची कड अगदी सरळ होती. निसर्गात इतकी सरळ रेषा सहसा पडत नाही, ती फाळाने आणि रोटाव्हेटरने पाडलेली असते. कपाशीच्या मुळांचा माग काढला तर काही मुळं तिथे येऊन आडवी वळलेली दिसत होती. वर्षानुवर्षं एकाच खोलीवर ओल्या जमिनीत अवजार फिरलं की असा दाबलेला तळ तयार होतो. काळ्या जमिनीत उन्हाळ्यातल्या भेगा हा तळ ठिकठिकाणी फोडतात, म्हणून इथे तो फार गंभीर नव्हता. वाफसा नसताना रोटाव्हेटर घालणं बंद केलं आणि दोन-तीन वर्षांतून एकदा उन्हाळ्यात खोल नांगरट केली तर भागेल.

इथे एक समज बाजूला सारावा लागतो. काळी माती म्हणजे सेंद्रिय पदार्थांनी भरलेली माती असं बरेच जण धरून चालतात. मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत सेंद्रिय कर्ब बहुधा अर्ध्या टक्क्याच्या आसपासच असतो. काळेपणा येतो तो बेसाल्टपासून बनलेल्या चिकणमातीशी थोडासाच सेंद्रिय पदार्थ घट्ट बांधला गेल्यामुळे. रंगावरून कस ठरवला तर हमखास चुकतं.

काळा थर: पाण्याचा साठा आणि हवेची अडचण

18 ते 60 सेंटिमीटरचा थर या जमिनीचा गाभा. इथली चिकणमाती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. फोटोत वरून खाली उतरलेल्या बोटभर रुंदीच्या भेगा दिसत होत्या, त्या या आकसण्याच्या. भेगांमध्ये वरची भुसभुशीत माती पडलेली होती. पावसाळ्यात जमीन पुन्हा फुगते तेव्हा आत पडलेल्या मातीला जागा उरत नाही, आतली ढेकळं एकमेकांवर तिरकी सरकतात आणि घासून त्यांचे पृष्ठभाग चकचकीत होतात. खरवडलेल्या पट्ट्यातलं ढेकूळ हाताने फोडल्यावर असे चमकदार, बारीक रेघांचे तिरके पृष्ठभाग दिसले. हे तपासायचं तर ढेकूळ हातानेच फोडावं, कारण बकेटचं लोखंड फिरलेली माती तशीच चकाकते.

पिकाच्या दृष्टीने या थराची दोन टोकं आहेत. चांगलं टोक पाण्याचं. अशी चिकणमाती दर सेंटिमीटर खोलीला साधारण दीड ते दोन मिलिमीटर पाणी पिकासाठी धरून ठेवते. 60 सेंटिमीटर म्हणजे 100 मिलिमीटरच्या आसपास. त्यातलं दोन तृतीयांश पाणी पिकाला विनासायास उचलता येतं. शेंगा भरण्याच्या काळात सोयाबीनला दिवसाला पाचेक मिलिमीटर पाणी लागतं. म्हणजे जमीन पूर्ण भिजलेली असताना ऑगस्टमध्ये पावसाने दडी मारली, तर हे पीक बारा-तेरा दिवस तग धरेल. हेच पीक फूटभर मातीवर असेल तर सहा दिवसांत माना टाकील. पुढे शेताचे तीन भाग करताना हा हिशेब कामी आला.

वाईट टोक हवेचं. सततच्या पावसात ही माती फुगून बंद होते. पाणी मुरत नाही आणि मुळांना हवा मिळत नाही. कापूस, तूर, सोयाबीन यांच्यासाठी रुंद वरंबा सरी केली तर हे दिवस निभावतात. मोसंबीच्या मुळांना मात्र साचलेलं पाणी अजिबात सोसत नाही. आधी बारीक पांढरी मुळं कुजतात, मग बुंध्यातून डिंक गळू लागतो, आणि झाडाची पानं पिवळी पडेपर्यंत खालचं नुकसान होऊन गेलेलं असतं.

पांढरे ठिपके असलेला पट्टा

60 ते 95 सेंटिमीटरचा करडा पट्टा हा या फोटोचा सर्वांत बोलका भाग होता, आणि शेतकऱ्याच्या प्रश्नात त्याचा उल्लेखच नव्हता.

आपल्या बेसाल्टच्या खनिजांमध्ये कॅल्शियम भरपूर असतं. दगड झिजताना ते सुटं होतं आणि पावसाच्या पाण्याबरोबर खाली उतरतं. कोकणासारखा पाऊस असता तर ते वाहून गेलं असतं. इथे पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे ओल ठरावीक खोलीपर्यंतच जाते आणि तिथून पिकाची मुळं ती ओढून घेतात. पाणी संपतं आणि चुना मागे राहतो. वर्षानुवर्षं असं होत राहिलं की त्या खोलीवर चुनखडीचे खडे आणि पांढरी भुकटी साचते. एका अर्थी हा पट्टा म्हणजे पाणी नेहमी कुठपर्यंत जातं याची जमिनीनेच ठेवलेली नोंद आहे.

पण फोटोतलं प्रत्येक पांढरं चुनाच असतं असं नाही. मराठवाड्यात तीन गोष्टी पांढऱ्या दिसतात. एक चुना. दुसरी, सच्छिद्र बेसाल्टच्या पोकळ्यांमध्ये भरलेली झिओलाइटची खनिजं, जी मुरमात पांढऱ्या दाण्यांसारखी दिसतात. तिसरी, उन्हाळ्यात पृष्ठभागावर किंवा भिंतीवर फुलणारे क्षार. फोटोवरून यांत फरक करता येत नाही, थेंबभर आम्लाने करता येतो. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब चुन्यावर पडला की लगेच फसफसतो. झिओलाइटवर काही होत नाही. क्षार पाण्यात विरघळून जातात, चुना तसा विरघळत नाही. शेतकऱ्याच्या घरी फरशी धुण्याचं आम्ल होतं. ते थेट न वापरता भरपूर पाण्यात थोडंथोडं ओतून सौम्य करायला आणि हातमोजे घालायला सांगितलं. त्याने व्हिडिओ पाठवला. करड्या पट्ट्यातलं ढेकूळ थेंब पडताच सळसळून फेसाळलं. काळ्या थरात बारीक फसफस होती. मुरमातल्या पांढऱ्या दाण्यांपैकी बहुतेक शांत राहिले.

चुन्याचे टणक खडे आणि चुन्याची भुकटी यांचा त्रास सारखा नसतो. ज्वारीच्या दाण्याएवढे कठीण खडे मातीत असले तरी त्यांचा पृष्ठभाग कमी असतो आणि मुळं त्यांना वळसा घालतात. भुकटी मात्र मातीच्या कणाकणात मिसळलेली असते. ती मातीचा सामू, म्हणजे आम्ल-विम्लपणाचं माप, आठच्या वर टिकवून ठेवते आणि लोह, जस्त, स्फुरद यांना अडकवून टाकते. बोटांत माती चोळली तेव्हा हाताला पीठ लागलं, खडे कमीच होते. मोसंबीला हेच बाधतं. नवी पानं पिवळी पडतात, शिरा हिरव्या राहतात, आणि पाणी जास्त झालं की हे आणखी वाढतं. मग शेतकरी जमिनीतून फेरस सल्फेट टाकतो, ते चुन्यात गेल्यावर लवकरच निरुपयोगी होतं. अशा जमिनीत जमिनीतून द्यायचं लोह चिलेटच्या, म्हणजे लोहाला धरून ठेवणाऱ्या संयुगाच्या, ईडीडीएचए प्रकारातलंच टिकतं, आणि ते महाग पडतं. ईडीटीए प्रकारचं चिलेट स्वस्त असतं, पण इतक्या सामूला ते लोह सोडून देतं.

प्रयोगशाळेत या पट्ट्याचा मुक्त चुना 17 टक्के आला, सामू 8.4. मोसंबीसाठी दहा टक्क्यांच्या वर मुक्त चुना असलेली जमीन टाळावी असं सर्वसाधारण धोरण आहे. कपाशी आणि हरभऱ्याला इतका चुना तुलनेने चालतो, कारण त्यांचा हंगाम काही महिन्यांत संपतो आणि मुळांचा बहुतांश पसारा वरच्या दोन फुटांतच राहतो.

मुरूम आणि कातळ

95 सेंटिमीटरखाली मुरूम. शेतकऱ्यांच्या बोलण्यात मुरूम लागला म्हणजे जमीन संपली. फळझाडांच्या बाबतीत हे पूर्ण खरं नाही. इथला मुरूम मऊ होता. त्यात गोल दगड होते आणि त्यांच्याभोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारखे झिजलेले थर सुटत होते. दगडाच्या चिरांतून पाणी शिरतं, कोपरे आधी झिजतात आणि मधला गाभा गोल उरतो, असा हा प्रकार. खुरप्याने पापुद्रे निघतात का, ही मऊपणाची सोपी कसोटी. निघाले तर मुळंही त्या फटींतून जाऊ शकतात. बांधावरच्या कडुलिंबाचं अंगठ्याएवढं मूळ त्या मुरमातून खाली गेलेलं फोटोत दिसतच होतं. असा मुरूम खाली असणं म्हणजे जादा पाणी निघून जायला वाट असणं.

तळ्यासाठी मात्र ही वाईट बातमी होती. मुरमात पाणी टिकत नाही. प्लास्टिक अंथरल्याशिवाय हे तळं दिवाळीपर्यंतही पुरणार नाही, हे त्याला तेव्हाच सांगितलं. बागेचा सगळा विचार या पाण्यावर उभा असल्याने तो खर्च आधी धरावा लागला.

साधारण 170 सेंटिमीटरवर काळा पाषाण. त्यात उभ्या सांधी होत्या आणि एका सांधीतून ओल झिरपलेली दिसत होती. मुळांची मजल इथे संपते. पिकाला या थरातून काही मिळत नाही, विहिरीला मिळतं.

एक भिंत म्हणजे सगळं शेत नाही

इथवर वाचल्यावर उत्तर "मोसंबी नको" असं येतं. पण तळं शेताच्या कोणत्या कोपऱ्यात आहे हे विचारणं बाकी होतं. शेततळं नेहमी उताराच्या खालच्या बाजूला खोदतात, आणि तिथेच वरून वाहून आलेली माती सर्वांत जास्त साचलेली असते. चुनाही पाण्याबरोबर आडवा वाहत तिथेच येतो. म्हणजे फोटोतला छेद या शेताचा सर्वांत खोल आणि सर्वांत चुनखडीचा कोपरा होता.

जेसीबी शेतात होताच. उताराच्या मध्यावर आणि वरच्या टोकाला चार-चार फूट खोल खड्डे घेतले. वरच्या टोकाला फूटभरच माती निघाली, तीही खडेमिश्रित तपकिरी, आणि लगेच मऊ मुरूम. मध्यावर 50 सेंटिमीटर मध्यम काळी माती, त्याखाली वीतभर तुरळक खड्यांचा थर आणि मग पापुद्रे सुटणारा मुरूम. मधल्या खड्ड्यातल्या खालच्या थराचा मुक्त चुना 6 टक्के आला.

निचरा पाहण्यासाठी दोन्ही खड्ड्यांच्या तळाशी आणि तळ्याजवळच्या करड्या पट्ट्यातही फूटभर लांब-रुंद-खोल खळगा करून पाणी भरलं. पहिलं पाणी जिरू दिलं, कारण कोरडी जमीन पहिलं पाणी अधाशासारखं पिते आणि त्यावरून निचरा कळत नाही. सकाळी दुसऱ्यांदा भरलं. वरच्या खळग्यातलं पाणी दुपारपर्यंत, मधल्यातलं संध्याकाळपर्यंत गेलं. खालच्या खळग्यात दुसऱ्या दिवशी सकाळीही चार बोटं पाणी उभं होतं.

काय ठरलं

चार एकरांचे तीन पट्टे केले. तळ्याकडचा सव्वा एकर हंगामी पिकांना: एक वर्ष कापूस आणि तूर, एक वर्ष सोयाबीन आणि त्यावर हरभरा. सोयाबीन रुंद वरंब्यावर. इथे जिप्सम टाकावं का, असं शेतकऱ्याने विचारलं. जिप्सम सोडियम जास्त असलेल्या चोपण जमिनीसाठी असतं. या मातीच्या तपासणीत विनिमयक्षम सोडियम कमीच होता, आणि चुना आधीच भरपूर असलेल्या जमिनीत जिप्सम टाकून चुना कमी होत नाही. ते पैसे वाचवले.

मधला दोन एकरांचा पट्टा मोसंबीला. इथे मातीची खोली पुस्तकातल्या मीटरभर खोलीपेक्षा कमी आहे, हे शेतकऱ्याला स्पष्ट सांगितलं. भिस्त आहे ती मऊ मुरमावर आणि ठिबकवर. रोपं रंगपूर लिंबाच्या खुंटावरची, म्हणजे त्या लिंबाच्या मुळांवर कलम केलेली घ्यायची, कारण जंबेरी या दुसऱ्या खुंटापेक्षा हा खुंट चुना अधिक सोसतो. अंतर सहा बाय सहा मीटर. लागवड गादीवाफ्यावर, आणि वाफ्यांना थोडा उतार देऊन पाणी बाजूच्या चरात काढायचं.

खड्ड्यांबद्दल थोडा वाद झाला. "तीन बाय तीनचा खड्डा घेऊन गाळाच्या मातीनं भरायचा ना?" असं त्याने विचारलं. गावात सगळे तसंच करतात. पण चिकण जमिनीत खोल खड्डा खणून मोकळी माती भरली की आजूबाजूचं पाणी त्यात उतरतं आणि बाहेर जायला वाट मिळत नाही, झाड पहिल्याच पावसाळ्यात पाण्यात उभं राहतं. इथे खड्डा मुरमाच्या तोंडापर्यंत नेऊन तळाचा मुरूम टिकावाने फोडायचा, आणि भरताना निघालेलीच माती शेणखत मिसळून परत टाकायची, असं ठरलं. गाळ नको. कलमाचा जोड मातीच्या वर वीतभर राहील इतकं रोप उंच लावायचं, म्हणजे डिंक्याचा धोका कमी होतो.

वरचा पाऊण एकर सीताफळाला. फूटभर माती आणि मऊ मुरूम सीताफळाला पुरतो, बालाघाटच्या बरड माळांवर ते आपसूक वाढतं. मोसंबीला उन्हाळ्यात एकही पाणी चुकवून चालत नाही. सीताफळ तेव्हा पानं गाळून विश्रांतीत असतं, म्हणून तळ्यातलं पाणी त्या काळात पूर्ण मोसंबीला देता येईल.

आता एक तपासणी उरली आहे. ती पावसाळ्यातच होईल. पहिला मोठा पाऊस पडल्यानंतर मधल्या पट्ट्यातल्या खड्ड्यात पाणी किती काळ उभं राहतं ते पाहायचं, कारण खळग्यातल्या दोन-चार बादल्यांची परीक्षा आणि वरच्या उताराचं सगळं पाणी खाली उतरतानाची परीक्षा यांत फरक असतो. म्हणून मधला खड्डा बुजवलेला नाही. त्यात आठ-आठ बोटांवर खुणा केलेली काठी रोवली आहे. दोन दिवसांत पाणी गेलं तर ऑगस्टमध्ये लागवड. नाही गेलं तर आधी मधल्या पट्ट्याच्या वरच्या कडेने चर काढायचा, वरचं पाणी वळवायचं आणि लागवड एक वर्ष पुढे ढकलायची. रोपवाटिकेला आगाऊ रक्कम तोपर्यंत द्यायची नाही, असं त्याने कबूल केलं आहे.